आकडा खाली येतो तेव्हा

२ जून २०२३ च्या संध्याकाळी ओडिशातल्या बहानगा बाजार स्थानकात कोरोमंडल एक्स्प्रेस उभ्या मालगाडीवर आदळली. तिचे काही डबे शेजारच्या रुळांवर गेले आणि तिथून जाणाऱ्या बेंगळुरू–हावडा एक्स्प्रेसच्या शेवटच्या डब्यांना धडकले. शनिवारी दिवसभर मृतांचा आकडा वाढत राहिला : २३३, २६१, मग २८८. रविवारी, ४ जूनला, राज्याचे मुख्य सचिव प्रदीप जेना यांनी सांगितलं, की काही मृतदेह दोनदा मोजले गेले होते, मृतांची संख्या २७५ आहे. मंगळवारी, आणखी पडताळणी झाल्यावर, तेच म्हणाले : २८८.

वृत्तसंस्थळाच्या डेस्कवर बसलेल्या माणसाला वाढता आकडा जड जात नाही. मोठ्या अपघातात तो वाढणार, हे वाचकही धरून चालतो. कसोटी लागते ती रविवारी. बातमीतले २८८ खोडून तिथे २७५ टाकलं आणि खाली काहीच लिहिलं नाही, तर शनिवारी तीच बातमी वाचलेल्या माणसाला वाटणार, तेरा माणसं गायब केली. पुन्हा मंगळवारी २८८ दिसलं, की त्याचा संशय पक्काच. म्हणून मजकुराच्या वरच, डोळ्यांना दिसेल अशी ओळ हवी :

‘अपडेट, ४ जून : या बातमीत आधी मृतांची संख्या २८८ दिली होती. काही मृतदेह दोनदा मोजले गेल्याचं राज्य सरकारने सांगितल्यामुळे ती २७५ केली आहे.’

या ओळीत जुना आकडा, नवा आकडा, कारण आणि सांगणारा, चारही आहेत. ‘बातमी अद्ययावत केली आहे’ एवढंच लिहिणं म्हणजे न लिहिण्यासारखंच. मंगळवारी दुसरी ओळ पहिलीच्या वर येते, पहिली पुसायची नाही. आकडा दोनदा का फिरला, हे त्या दोन ओळी एकत्र वाचल्यावरच कळतं.

इथे एक फरक पाळावा लागतो. २८८ चं २७५ झालं ते सरकारी मोजणी बदलली म्हणून. बातमीदाराने त्या वेळी उपलब्ध असलेली अधिकृत संख्याच दिली होती, तेव्हा हे अपडेट. पण डेस्कवर कुणी २६१ ऐवजी २१६ टाइप केलं असेल, तर ती चूक आपली आणि तिच्या डोक्यावर ‘दुरुस्ती’ हाच शब्द हवा. आपल्याकडे दुसऱ्या प्रकारालाही सर्रास ‘अपडेट’ म्हणून खपवलं जातं, ते मला लबाडीचं वाटतं.

वेळेचंही तसंच. बातमीखाली दोन वेळा असाव्यात, प्रथम प्रकाशनाची आणि शेवटच्या बदलाची. पानाच्या कोडमध्ये सर्च इंजिनसाठी त्या अशा लिहितात (वेळा नमुन्यादाखल) :

```
"datePublished": "2023-06-02T20:40:00+05:30",
"dateModified": "2023-06-04T13:10:00+05:30"
```

शेवटचं `+05:30` म्हणजे भारतीय वेळ. ते असलं की न्यू जर्सीतल्या वाचकालाही नेमका क्षण कळतो. स्वल्पविराम सरकवला म्हणून दुसरी वेळ बदलायची नसते. काही जण शिळी बातमी शोधयादीत वर यावी म्हणून नेमकं तेच करतात. नवी माहिती न घालता बातमी ताजी भासवू नका, असं गूगलने प्रकाशकांना स्पष्ट सांगितलेलं आहे.

मथळ्याची अडचण जरा वेगळी. ‘बालासोर रेल्वे अपघात’ हा गाभा पहिल्या दिवसापासून तसाच ठेवावा, बदलू द्यावा तो फक्त आकडा. नाहीतर वाचकाला तो दुसराच अपघात वाटतो. पानाच्या पत्त्यात, म्हणजे यूआरएलमध्ये, आकडा कधीच घालू नये. मथळा बदलला तरी पत्ता सहसा तोच राहतो, आणि आत २८८ असलेल्या बातमीच्या पत्त्यात `233-dead` लोंबत राहतं. व्हॉट्सॲपवर आधीच गेलेल्या लिंकच्या चौकटीतही जुनाच मथळा राहतो. तो तिथे जाऊन कुणाला बदलता येत नाही. फोटोखालच्या ओळीतला आकडा तर हमखास राहून जातो.

नोंद न केल्याने काय होतं, ते न्यूयॉर्क टाइम्सने मार्च २०१६ मध्ये अनुभवलं. बर्नी सँडर्स यांच्या संसदीय कामावरच्या लेखाच्या मथळ्यात आधी त्यांनी वर्षानुवर्षं मिळवलेले विजय होते. काही तासांत ते ‘माफक विजय’ झाले, मजकुरात शंका घेणारे परिच्छेद आले, आणि बदलाची नोंद कुठेच नव्हती. वाचकांनी जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी ठेवून जाब विचारला. वृत्तपत्राच्या तेव्हाच्या वाचक-प्रतिनिधी मार्गारेट सलिव्हन यांनीही आपल्याच संपादकांवर टीका केली. तिथे एकही तथ्य बदललेलं नव्हतं, बदलला होता सूर. माझ्या मते सूर बदलला, तर नोंद आणखी ठळक हवी.

तुमच्या हाती मोठ्या दुर्घटनेच्या बातमीचा स्क्रीनशॉट आला, तर पुढे पाठवण्याआधी मूळ पान उघडा आणि बदलाची वेळ व नोंद वाचा. नोंद नसेल आणि आकडा मात्र वेगळा असेल, तर त्या संपादकांना ईमेल करून कारण विचारा.