पीओ शीटमधली जुनी तारीख खोडू नका!

सप्लाय चेनमध्ये इंटर्न म्हणून लागलात की पीओची शेअर्ड शीट तुमच्याकडे येतेच. तिच्यात तारखेचे दोन कॉलम ठेवा: पीओवर ठरलेली तारीख आणि सप्लायरने नंतर कळवलेली. पहिला कॉलम लॉक करा.

समजा, ४०० ब्रॅकेट १० जूनला यायचे होते. सप्लायरने फोनवर आधी १४ सांगितली, मग १८. जुनी तारीख खोडून १८ लिहिलीत, तर १८ला आलेला माल शीटवर वेळेवर दिसतो. खरा उशीर ८ दिवसांचा!

त्यातही गाडीतून २५० नगच उतरले, तर पीओ बंद करू नका. उरलेल्या १५० नगांची वेगळी ओळ करा. तिथेही ठरलेली तारीख १० जूनच राहील.