अनुवादकाने टिपणात काय लिहावे?

मराठी कथा इंग्रजीत गेली की तिच्यासोबत बहुधा अनुवादकाचे टिपणही छापले जाते. बऱ्याचदा त्यात लेखकाचा परिचय, आभार आणि ‘मूळची गोडी इंग्रजीत आणणे अवघड’ अशी कबुली एवढेच असते. वाचकाला मात्र वेगळे हवे असते: अडचण कुठे आली, पर्याय कोणते होते, निवड काय झाली आणि त्यात काय गमावले.

बाबूराव बागूल यांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा घेऊ. याच नावाचा त्यांचा संग्रह १९६३ साली आला. जेरी पिंटो यांच्या अनुवादात या शीर्षकाचे ‘व्हेन आय हिड माय कास्ट’ झाले, म्हणजे ‘चोरली’ऐवजी ‘लपवली’. टिपण आपल्याला लिहायचे असते, तर या निवडीबद्दल काय सांगितले असते?

आधी मूळ शब्दाचा आवाका सांगावा लागेल. आपण कामात अंग चोरतो, कुणाची नजर चोरतो. या ‘चोरणे’त दुसऱ्याची वस्तू उचललेली नसते, स्वतःचेच काही आड ठेवलेले असते. कथेचा निवेदक रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत जातो आणि तिथे आपली जात कळू देत नाही. इंग्रजीत ‘स्टोल’ म्हटले, तर त्याने दुसऱ्याच कुणाची जात पळवली असे वाटेल. म्हणून ‘हिड’ योग्य. पण मराठी शीर्षकात चोरीचा आरोपही ऐकू येतो. स्वतःची जात न सांगणे हाच जणू गुन्हा. तो आरोप ‘हिड’मध्ये उरत नाही. हे नुकसानही टिपणात आले पाहिजे.

दुसरी नोंद संबोधनांची. मराठीत ‘तुम्ही’चा ‘तू’ झाला की माणसाची किंमत उतरल्याचे लगेच कळते. इंग्रजीत दोन्हींना एकच ‘यू’. मग अनुवादक आधीच्या संवादात ‘सर’ घालतो आणि नंतर तो काढून टाकतो, किंवा वाक्ये तुटक, हुकमी करतो. असे काही केले असेल तर ते सांगावे, कारण तो ‘सर’ मूळ लेखकाचा नसतो.

अशा दोन-तीन नोंदी पुरतात. प्रत्येक शब्दाचा अर्थ देत बसले की टिपणाचा शब्दकोश होतो, आणि कथेचे तात्पर्य सांगितले की वाचकाच्या वाट्याचे काम अनुवादक करून टाकतो. शेवट उघड होत असेल तर टिपण कथेनंतरच छापावे.

लिहून झाल्यावर एक कसोटी लावावी. कथेचे नाव झाकून टिपण वाचावे. ते दुसऱ्या कुठल्याही कथेला चालत असेल, तर ते पुन्हा लिहायला हवे.