दोन आणि x शून्य मानले तर उरते काय?

3x² + 5x + 7 ही बहुपदी घ्या. सहगुणक पूर्णांक असलेल्या अशा बहुपदींच्या जगाला Z[x] म्हणतात. आता या जगात 2 आणि x या दोघांनाही शून्य मानायचे ठरवू. मग 2 किंवा x यांच्या पटींपासून बनलेले सगळेच शून्य होते. या शून्य झालेल्यांच्या संचाला आयडियल म्हणतात.

3x² आणि 5x यांत x आहे, ती पदे गेली. उरले 7, म्हणजे 2×3 + 1. सहा गेले, राहिला 1. प्रत्येक बहुपदीचे असेच होते: स्थिर पद सम असेल तर 0, विषम असेल तर 1.

पण खुद्द 1 सुद्धा शून्य होत नाही ना? ही शंका रास्त आहे, आणि इथेच विद्यार्थी घाई करतात. तसे असते तर 1 = 2·a(x) + x·b(x) असे लिहिता आले असते. x = 0 ठेवा: 1 = 2·a(0). a(0) पूर्णांक, म्हणून उजवी बाजू सम. अशक्य!

म्हणून उत्तर Z/2Z, दोनच घटकांचे क्षेत्र, जिथे 1 + 1 = 0. फक्त x शून्य मानला असता तर सगळे पूर्णांक उरले असते.