पाऊस, ट्रॅक्टर आणि एका शेअरचा हिशेब

ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपनीचा शेअर घ्यावा की नको, हे ठरवताना ‘यंदा पाऊस कसा होईल?’ हा प्रश्न पहिल्याच दमात येतो. पाऊस झाला तर शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो आणि ट्रॅक्टर विकले जातात. दुष्काळ पडला तर जुन्यावरच निभावलं जातं. पाऊस कसा होईल हे आधी सांगता येत नाही, पण तो किती प्रकारांनी होऊ शकतो आणि प्रत्येक प्रकाराची शक्यता साधारण किती, हे मांडता येतं. अपेक्षित परतावा आणि प्रमाण विचलन हे दोन आकडे याच मांडणीतून निघतात.

शक्यता आणायच्या कुठून? पावसाच्या बाबतीत आपल्याकडे नोंदी आहेत. जून ते सप्टेंबरचा देशभराचा पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या 90 टक्क्यांहून कमी पडला, तर हवामान खातं त्याला तुटीचा मान्सून म्हणतं. 2001 ते 2025 या पंचवीस वर्षांत असं पाच वेळा झालं: 2002, 2004, 2009, 2014 आणि 2015. पंचविसात पाच म्हणजे 20 टक्के. 104 टक्क्यांहून जास्त पावसाची वर्षं याच काळात पाऊणशतकी जोर न लावताही सहज मोजता येतात. त्यांचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास भरतं. उरलेले 50 टक्के मधल्या पावसाला देऊ. तिन्हींची बेरीज 100 व्हायलाच हवी. ती होत नसेल तर एखादी परिस्थिती सुटलेली असते किंवा दोनदा मोजलेली असते.

आता परतावे. हे आकडे मी उदाहरणासाठी धरले आहेत, कोणत्याही खऱ्या कंपनीचे नाहीत. दुष्काळात शेअर वर्षभरात 20 टक्के पडेल, मधल्या पावसात 12 टक्के चढेल, चांगल्या पावसात 30 टक्के. प्रत्येक परताव्याला त्याच्या शक्यतेनं गुणायचं: दुष्काळाचे उणे 4, मधल्याचे 6, चांगल्याचे 9. बेरीज 11. हा झाला अपेक्षित परतावा, 11 टक्के.

इथे नावामुळे फसगत होते. 11 टक्के मिळतील असं हा आकडा म्हणत नाही. आपल्या मांडणीत 11 टक्के देणारं एकही वर्ष नाही. मिळणार ते उणे 20, 12 किंवा 30. अशी वर्षं पुन्हा पुन्हा आली तर त्यांची सरासरी 11 च्या जवळ जाईल, एवढाच त्याचा अर्थ.

मग एखाद्या वर्षाचा परतावा या 11 पासून किती लांब पडू शकतो? दुष्काळाचं वर्ष 31 नं खाली आहे, मधलं 1 नं वर, चांगलं 19 नं वर. हे फरक तसेच शक्यतेनं गुणून मिळवले तर उत्तर शून्य येतं, कारण वरचे आणि खालचे एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून आधी वर्ग करायचा: 961, 1 आणि 361. त्यांना 20, 50 आणि 30 टक्क्यांनी गुणलं की 192.2, 0.5 आणि 108.3 मिळतात. बेरीज 301. याला प्रचरण म्हणतात. वर्ग केल्यामुळे त्याचं एकक बदललेलं असतं, त्यामुळे 301 हा आकडा थेट परताव्याशेजारी ठेवता येत नाही. वर्गमूळ काढलं की साधारण 17.3 येतं आणि पुन्हा टक्क्यांत बोलता येतं. हे प्रमाण विचलन. त्यातला मोठा वाटा, 301 पैकी 192, एकट्या दुष्काळाचा आहे. पाचात एकदाच येणारं वर्ष निम्म्याहून जास्त जोखीम घेऊन येतं.

एक्सेलमध्ये हे करताना एक चूक सर्रास होते. लोक तीन परताव्यांना सरळ AVERAGE आणि STDEV.S लावतात. त्यातून 7.3 आणि 25.3 असे आकडे येतात आणि दोन्ही चुकीचे असतात. ही सूत्रं तिन्ही परिस्थितींना सारखंच वजन देतात, शिवाय STDEV.S हे तीन आकडे प्रत्यक्ष घडलेल्या नोंदींचा नमुना समजून तिनाऐवजी दोननं भागतं. आपण मात्र सगळ्या शक्यता आधीच मांडल्या आहेत, वजनांसकट. A स्तंभात शक्यता आणि B स्तंभात परतावे असतील तर पहिलं सूत्र D1 मध्ये आणि दुसरं D2 मध्ये लिहावं:

```
=SUMPRODUCT(A2:A4,B2:B4)
=SQRT(SUMPRODUCT(A2:A4,(B2:B4-D1)^2))
```

गणित इथे संपतं, पण माझ्या मते खरी परीक्षा यापुढे आहे. समजा एल निनोची चाहूल लागली आणि आपण दुष्काळाची शक्यता 20 वरून 30 केली, चांगल्या पावसाची 30 वरून 20. अपेक्षित परतावा 11 वरून थेट 6 वर येतो. बँकेची मुदत ठेव 7 टक्के देत असेल तर आधी आकर्षक वाटणारा शेअर आता ठेवीच्याही खाली गेला. प्रमाण विचलन मात्र 17.3 वरून 18.3 वर, म्हणजे जेमतेम हलतं. अंदाजात थोडी हलवाहलव झाली तरी निर्णय उलटतो, आणि तो उलटवतो अपेक्षित परतावा. म्हणून एकच उत्तर काढून थांबू नये. शक्यता थोड्या इकडेतिकडे करून पाहाव्यात आणि निर्णय कुठे पालटतो ते शोधावं.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. प्रत्येक प्रकारच्या पावसाला आपण एकेकच परतावा दिला, जणू दुष्काळ पडला की शेअर नेमका 20 टक्केच पडतो. 2009 साल आठवून पाहा. त्या वर्षी मान्सून सरासरीच्या 78 टक्के, म्हणजे 1972 नंतरचा सर्वांत वाईट. तरीही त्या कॅलेंडर वर्षात सेन्सेक्स सुमारे 81 टक्के वाढला, कारण 2008 च्या जागतिक कोसळणीतून बाजार वर येत होता. ‘दुष्काळ म्हणजे उणे 20’ असं लिहून बसलेल्याचा अंदाज अशा वर्षी साफ चुकतो. पावसाखेरीज व्याजदर, पोलादाचे भाव, कारखान्यातला संप, नव्या मॉडेलचं यश हे सगळं एकाच प्रकारच्या पावसातही परतावा वरखाली करतं.

हा हिशेबात धरता येतो. प्रत्येक प्रकारच्या पावसात परतावा आपल्या आकड्याभोवती 15 टक्के प्रमाण विचलनानं पसरतो असं समजू. 15 चा वर्ग 225. तो आधीच्या 301 मध्ये मिळवायचा. विचलनं सरळ मिळवता येत नाहीत, वर्गच मिळवावे लागतात. एकूण 526, वर्गमूळ साधारण 22.9. अपेक्षित परतावा 11 च राहिला, पण जोखीम 17.3 वरून 22.9 झाली. नुसत्या तीन ओळींचा तक्ता पावसानं होणारा चढउतार तेवढा दाखवतो. कंपनीचा स्वतःचा आणि बाकी बाजाराचा त्याच्या बाहेरच राहतो. ते 15 किती धरायचे याचा अंदाज बांधण्यासाठी त्या शेअरची सारख्या पावसाची जुनी वर्षं शेजारी ठेवून त्यांच्या परताव्यांत किती फरक पडला ते पाहावं लागतं. दुष्काळासाठी तशी पाचच वर्षं हाती आहेत आणि त्यातलं एक 2009 आहे.