डॉलरचे कर्ज: हप्ते फेडले, तरी बाकी का फुगते?

नसरापूर फाट्यावरून एक रस्ता वेल्ह्याकडे वळतो, तर हमरस्ता कापूरहोळवरून पुढे साताऱ्याकडे जातो. या पट्ट्यातल्या सुटे भाग बनवणाऱ्या एखाद्या कारखान्याने यंत्रासाठी बँकेकडून डॉलरमध्ये मुदत कर्ज घेतले आहे, असे धरू. मार्चअखेरीला ताळेबंद समोर आला की मालक विचारणारच: "अहो, वर्षात ब्याऐंशी लाख भरले, मग कर्ज छप्पन्नच लाखांनी कसं उतरलं?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आकड्यांनीच द्यायला हवे.

२०२२-२३ हे वर्ष घेऊ, कारण त्या वर्षी रुपया चांगलाच घसरला होता. ३१ मार्च २०२२ चा संदर्भ दर ७५.८० रुपयांच्या आसपास होता आणि ३१ मार्च २०२३ चा ८२.२० च्या आसपास. वर्षाच्या सुरुवातीला बाकी ४ लाख डॉलर, म्हणजे खात्यावर ३,०३,२०,००० रुपये. सप्टेंबर आणि डिसेंबरमध्ये मुद्दलाचे ५०-५० हजार डॉलरचे हप्ते गेले. त्या दिवशी बँकेने अनुक्रमे ८१.५० आणि ८२.८० चा दर लावला, असे समजू. चालू खात्यातून ४०,७५,००० आणि ४१,४०,००० असे एकूण ८२,१५,००० रुपये वजा झाले.

हप्ता ज्या दिवशी जातो, त्या दिवशी बँकेने प्रत्यक्ष लावलेल्या दरानेच तो कर्जखात्यात नावे टाकायचा. मग खात्यावर २,२१,०५,००० रुपये उरतात. इथेच थांबून एक भागाकार करा. डॉलरची बाकी ३ लाख आहे. रुपयांच्या बाकीला तिने भागले की ७३.६८ येतात. त्या अख्ख्या वर्षात डॉलर इतका स्वस्त कधीच नव्हता. अशा दराचे कर्ज कुणी देत नाही, म्हणजे खात्यात एक नोंद राहिलेली आहे.

ती नोंद पुनर्मूल्यांकनाची. लेखा मानक ११ सांगते की परकीय चलनातले देणे ताळेबंदाच्या तारखेच्या दराने दाखवावे. ३ लाख डॉलर गुणिले ८२.२० म्हणजे २,४६,६०,००० रुपये. खात्यावर आहेत २,२१,०५,०००. फरक २५,५५,०००. तो विनिमय तोटा म्हणून नफा-तोटा खात्याला नावे आणि कर्जखात्याला जमा. आता भागाकार बरोबर ८२.२० येतो आणि मालकांचे छप्पन्न लाखही जुळतात.

या तोट्याचे पोट उघडून पाहणे मला फार गरजेचे वाटते. सप्टेंबरचा हप्ता सुरुवातीच्या दरापेक्षा डॉलरमागे ५.७० रुपये महाग पडला, म्हणजे २,८५,०००. डिसेंबरचा ७ रुपयांनी, म्हणजे ३,५०,०००. हे ६,३५,००० रुपये खरोखर खिशातून गेले. उरलेल्या ३ लाख डॉलरवर प्रत्येकी ६.४० रुपये, म्हणजे १९,२०,००० हा तोटा अजून फक्त वहीत आहे. रुपया सावरला तर त्यातला काही परतही येईल. पहिल्या भागाला तशी आशा नाही.

चूक नेहमी एकाच जागी होते. कुणी सुरुवातीच्या पूर्ण ४ लाख डॉलरवर ६.४० लावून २५,६०,००० तोटा काढतो. उत्तर खऱ्याच्या इतके जवळ येते की शंकाच येत नाही. पण फेडलेल्या १ लाख डॉलरला मार्चच्या दराशी काही देणेघेणे उरलेले नसते. म्हणून कर्जखात्यात रुपयांशेजारी डॉलरचा रकाना हवाच. टॅलीमध्ये खाते डॉलरमध्ये उघडले आणि शेवटचा दर भरला, तर ताळेबंदात Unadjusted Forex Gain/Loss अशी ओळ दिसते. जर्नल नोंद करून ती मिटवायची. ती तशीच छापून आली तर काम अर्धवट आहे.

वर्षअखेरीस व्याज साचले असेल पण भरलेले नसेल, तर तेही डॉलरमधले देणे आहे, त्यालाही ८२.२० च. यंत्राची मूळ किंमत मात्र मार्चच्या दराने पुन्हा मोजायची नाही. लेखा मानके पाळणाऱ्या कंपनीने परिच्छेद ४६अ चा पर्याय स्वीकारला असेल, तर दीर्घ मुदतीच्या अशा कर्जावरचा फरक नफा-तोट्यात न नेता यंत्राच्या किमतीत मिळवता येतो, पण तो पर्याय एकदा घेतला की मागे फिरता येत नाही.

प्राप्तिकराचे गणित वेगळे आहे. यंत्र परदेशातून आणलेले असेल, तर त्या वर्षी लागू असलेल्या १९६१ च्या कायद्याचे कलम ४३अ प्रत्यक्ष भरलेल्या हप्त्यांचाच फरक विचारात घेते आणि तो यंत्राच्या किमतीत मिळवते. वहीतल्या १९,२०,००० ची वजावट त्या वर्षी मिळत नाही. त्यामुळे पुस्तकी नफा आणि करपात्र उत्पन्न यांच्यात फरक पडतो, आणि विवरणपत्र भरताना नफा-तोट्यात नेलेला पूर्ण तोटा उत्पन्नात परत मिळवावा लागतो.

१ एप्रिलला वही उघडताना पुढच्या हप्त्याची तुलना ८२.२० शी करायची, ७५.८० शी नाही. जुना फरक मागच्या वर्षातच मोजून झालेला असतो.