क्विंटलमागचा खरा आकडा : उन्हाळ कांद्याच्या नियोजनाचा एक कागद

दिवाळीच्या आगेमागे नाशिक जिल्ह्यात उन्हाळ कांद्याचं रोप टाकायला सुरुवात होते. सोयाबीन नुकतं निघालेलं असतं आणि मका खळ्यावर पडलेला असतो. पुढच्या सहा महिन्यांचा हिशेब याच दिवसांत वहीच्या एका पानावर मांडला जातो. बहुतेक घरांत त्या पानावर तीनच ओळी महत्त्वाच्या असतात : एकरी किती निघेल, किती खर्च येईल आणि काय भाव मिळेल. गेली काही वर्षं असे कागद माझ्यासमोर येत आहेत. ते तपासताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. यातला एकेक आकडा सुटा पाहिला तर खोटा नसतो. उत्पादन सर्वांत चांगल्या वर्षाचं असतं, भाव सर्वांत चढ्या आठवड्याचा असतो आणि खर्च फक्त खिशातून रोख गेलेला असतो. हे तिन्ही एकाच हंगामात कधीच एकत्र येत नाहीत, आणि कागद नेमका तिथेच फसतो.

एक नमुन्याचा कागद घेऊ. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण त्यांची ठेवण या पट्ट्यातल्या कोणत्याही गावात ओळखीची वाटेल. अडीच एकर बागायत आहे, खरिपात सोयाबीन आणि त्यानंतर एक एकर उन्हाळ कांदा. कांद्याचा अंदाज असा : उत्पादन १४० क्विंटल, भाव २,५०० रुपये, म्हणजे साडेतीन लाख. खर्च ६२ हजार. शिल्लक २ लाख ८८ हजार.

१४० क्विंटल कुठून आले?

या प्रश्नाला बहुधा एकच उत्तर मिळतं, ‘मागं एकदा निघाले होते’. हा आकडा दोन वाटांनी पडताळता येतो.

पहिली वाट रोपांच्या मोजणीची. कांद्याची लागण १५ बाय १० सेंटिमीटरवर धरली तर एका एकरात, म्हणजे ४,०४७ चौरस मीटरमध्ये, सुमारे २ लाख ७० हजार रोपं बसतात. पण एकर सगळाच्या सगळा लागत नाही. सपाट वाफ्यांच्या पद्धतीत वरंबे, पाट आणि कडेचे कोपरे मिळून पाचवा हिस्सा सहज जातो. उरलेल्या २ लाख १६ हजार रोपांतली काही मर लागून जातात, काही पाणी साचलेल्या वाफ्यात बसतात. शंभरातली १२ गेली असं धरलं तर १ लाख ९० हजार उरतात. एका कांद्याचं सरासरी वजन ६० ग्रॅम धरलं की ११४ क्विंटल होतात. त्यातून जोड कांदा, डेंगळे आणि अगदी बारीक चिंगळी बाजूला काढली की लिलावात उभा करता येईल असा माल शंभर क्विंटलांच्या आसपास राहतो. १४० क्विंटल विकायचे तर सरासरी कांदा ८० ग्रॅमच्याही वर गेला पाहिजे आणि तोही सगळ्या वाफ्यांत सारखा. चांगल्या वर्षी चांगल्या तुकड्यात हे घडतं. मात्र नियोजन त्यावर उभं करता येत नाही.

दुसरी वाट हिशोबपट्ट्यांची. बाजार समितीत माल विकला की व्यापाऱ्याकडून जी पट्टी मिळते तिच्यावर वजन असतं. मागच्या तीन वर्षांच्या पट्ट्या काढाव्यात, वजनांची बेरीज करावी आणि जेवढ्या गुंठ्यांवर प्रत्यक्ष कांदा होता त्यांनी भागावं. सातबाऱ्यावरचं क्षेत्र इथे धरू नये, कारण त्यात विहीर, बांध आणि रस्ताही मोजलेला असतो. आठवण चांगलं वर्ष जपून ठेवते, पट्टी मात्र सगळी वर्षं सारखीच सांगते. पट्ट्या नसतील तर यंदा काढणीच्या वेळी एक साधारण गुंठा निवडून त्याचा कांदा वेगळा तोलावा आणि ४० ने गुणावा. तो गुंठा पिकाच्या ऐन बहराचा निवडला तर मोजणीला अर्थ राहत नाही.

सोयाबीनच्या ओळीलाही हीच कसोटी लावावी. कागदावर एकरी १२ क्विंटल असतात. राज्याची सरासरी हेक्टरी १० ते १३ क्विंटलांच्या आसपास फिरते, म्हणजे एकरी चार-पाच. बागायतीत आणि चांगल्या जमिनीत त्याहून अधिक निघतं, तरी एकरी १२ धरायचे असतील तर हातात स्वतःच्या पट्ट्या हव्यात.

खर्चाच्या यादीत काय नाही?

कागदावरचे ६२ हजार असे आहेत : बियाणे ६, मशागत ७, लागण १२, रासायनिक खते १०, औषधे ९, खुरपणी ६ आणि काढणी १२ हजार. या सगळ्या रकमा कुणाच्या तरी हातात मोजून दिलेल्या आहेत, म्हणून त्या लक्षात राहिल्या. ज्यांची पावती झाली नाही त्या राहून गेल्या.

पहिलं राहिलं ते रोप. बियाण्याची किंमत धरली, पण गादीवाफे, रोपांवरची औषधं आणि परतीच्या पावसानं रोप बसलं तर पुन्हा टाकण्याची तजवीज धरली नाही. तिथे ४ हजार. शेणखत घरचं म्हणून सुटलं. त्याला गावात भाव आहे, आणि त्याचा गुण एकाहून अधिक पिकांना मिळतो म्हणून निम्मीच किंमत धरली तरी ६ हजार होतात. फवारणीचं औषध लिहिलं, फवारणाऱ्याची मजुरी लिहिली नाही : अडीच हजार. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाचं बिल २०२४ पासून माफ आहे, म्हणून पाण्याच्या रकान्यात शून्य लिहिलं जातं. पण जळालेली मोटार भरायला आणि पाइप बदलायला पैसे लागतातच : ३ हजार. शेतातून चाळीपर्यंत माल आणायला ३ हजार. बाजारापर्यंतची गाडी आणि तिथली हमाली, तोलाई, वाराई मिळून शंभर क्विंटलांना ८ हजार. कृषी सेवा केंद्रातली खतं-औषधं उधारीवर घेतली तर रोखीपेक्षा चढी लागतात, तो फरक अडीच हजार.

सर्वांत मोठी रक्कम घरच्या माणसांच्या कष्टाची आहे. रात्रीची वीज आली की पाणी धरायला जाणारा माणूस, खुरपणीत आणि काढणीत बाईमाणसांबरोबर राबणारी घरची सून, चाळीत निवड करणारे आईवडील यांचे ४० दिवस चारशे रुपयांनी धरले तरी १६ हजार होतात. कृषिमूल्य आयोगाच्या हिशेबातही रोख खर्चात कुटुंबाची मजुरी मिळवून वेगळा आकडा काढला जातो. हमीभाव ठरवताना सरकार हे कष्ट मोजतं, मग घरच्या वहीत ते का सुटावेत? मला ही ओळ फार महत्त्वाची वाटते. ती लिहिली नाही की तोट्यातलं पीकही वर्षानुवर्षं नफ्यातलं दिसत राहतं आणि घरातल्या बायकांच्या राबण्याला किंमतच उरत नाही.

राहून गेलेल्या या ओळींची बेरीज ४५ हजार होते. एकूण खर्च १ लाख ७ हजार.

आता दोन भागाकार करू. जुन्या कागदाप्रमाणे ६२ हजार भागिले १४०, म्हणजे क्विंटलमागे ४४३ रुपये. तपासलेल्या कागदाप्रमाणे १ लाख ७ हजार भागिले १००, म्हणजे १,०७० रुपये. जमिनीचा खंड यात अजून धरलेलाही नाही. ज्याला आपला कांदा ४४३ रुपयांत पिकतो असं वाटतं, तो ९०० रुपयांचा भाव मिळाला की समाधानानं घरी येतो. खरं तर त्यानं प्रत्येक क्विंटलमागे १७० रुपये पदरचे घातलेले असतात.

भाव कोणत्या दिवसाचा?

अडीच हजार हा आकडा बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या बातमीतून येतो. बाजारभावात किमान, कमाल आणि सरासरी असे तीन आकडे छापतात. कमाल भाव त्या दिवशीच्या एखाद्या उत्तम वकलाला मिळालेला असतो. नियोजनात सरासरीच धरावी, आणि तीही आपण विकणार त्या महिन्याची.

उन्हाळ कांदा एप्रिल-मे महिन्यात निघतो. त्याच काळात सगळ्या तालुक्याचा निघतो, म्हणून भाव खाली असतो. मग ‘चाळीत टाकू आणि दिवाळीला काढू’ असं ठरतं. त्याचाही हिशेब करू. मे महिन्यात १,२०० रुपयांनी शंभर क्विंटल विकले तर १ लाख २० हजार येतात. ऑगस्टअखेरपर्यंत वजनातली घट, सड आणि कोंब मिळून चौथा हिस्सा गेला तर ७५ क्विंटल उरतात. चाळीची डागडुजी आणि निवडीचे साडेसात हजार धरले तर मे महिन्याइतकेच पैसे पदरात पडायला १,७०० रुपये भाव लागतो. ऑक्टोबरपर्यंत ४० टक्के गेले आणि चाळीचा खर्च १० हजार झाला तर हा बरोबरीचा भाव जवळपास २,१७० होतो.

समजा, ऑक्टोबरात अडीच हजार खरोखरच मिळाले. तेव्हा विकायला ६० क्विंटल असतात. हाती दीड लाख येतो. गाडीभाडं आणि हमाली थोडी वाचते, ते धरून सगळा खर्च वजा केला तर शिल्लक सुमारे ३६ हजार. भावाचा अंदाज अचूक ठरूनही २ लाख ८८ हजारांचे ३६ हजार होतात. शिवाय त्या काळात भाव चढतो तो पुष्कळ चाळी सडल्या म्हणून. आपली चाळ तेवढी सुटेल असं गृहीत धरता येत नाही.

धोरणाची जोखीम याहून वेगळी. १९ ऑगस्ट २०२३ ला केंद्रानं कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं, ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली. ४ मे २०२४ ला ती शुल्क आणि किमान निर्यातमूल्यासह उघडली, सप्टेंबरात शुल्क २० टक्क्यांवर आणलं आणि १ एप्रिल २०२५ पासून काढलं. हे सगळं रोप टाकण्याच्या वेळी कुणाला कळणार? म्हणून सगळा माल एकाच महिन्यावर लावू नये, एवढं मात्र कागदात लिहून ठेवता येतं.

तपासलेला कागद काय सांगतो?

या घरासाठी मी विक्रीचे तीन भाग करीन. एक भाग काढणीनंतर लगेच विकायचा : जाड मानेचा आणि गोलटी माल, कारण तो चाळीत टिकत नाही. त्यातून उधारी फिटते आणि पीककर्ज मुदतीत भरता येतं. तीन लाखांपर्यंतचं कर्ज वेळेत फेडलं तर राज्यात व्याज पडत नाही. भाव येईल म्हणून कांदा धरून ठेवला आणि मुदत टळली तर ही सवलत जाते. दुसरा भाग ऑगस्टचा, भाव १,७०० च्या पुढे गेला की काढायचा. तिसरा भाग सर्वांत चांगल्या सुकलेल्या कांद्याचा, आणि तो एक तृतीयांशाहून अधिक नको. त्याची तयारी शेतातच होते. लागणीला दोन महिने झाल्यावर युरिया टाकायचा नाही, काढणीच्या आधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडायचं आणि निम्म्या माना पडल्यावर उपटायचं. युरिया देऊन फुगवलेला कांदा तोलाला भरतो, पण पावसाळ्यात चाळीत आधी तोच सुटतो.

सोयाबीनची विक्रीही याच्याशी बांधलेली आहे. २०२५ च्या खरिपाचा हमीभाव ५,३२८ रुपये होता, पण खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. ओलं सोयाबीन घाईनं विकलं तर भाव जातो आणि भावासाठी सगळंच ठेवलं तर डिसेंबरात लागणीच्या मजुरीला पैसा नसतो. त्यामुळे लागणीपुरतं वाळवून विकावं, उरलेलं ठेवावं.

राहिला प्रश्न एक एकर लावायचा की नाही. क्विंटलमागे १,०७० खर्च आणि मे महिन्यातली सरासरी १,२०० असेल तर शंभर क्विंटलांवर १३ हजारांचा आधार आहे. एका गारपिटीत किंवा करप्याच्या एका लाटेत २० क्विंटल गेले की तो संपतो. म्हणून घरच्या माणसांना पेलेल आणि चाळीत नीट मावेल एवढाच, ३० गुंठे, कांदा लावावा आणि १० गुंठ्यांत हरभरा घ्यावा, असं मी सांगेन. रोप टाकण्याआधी हे ठरलं तर बियाणंही तेवढंच घेतलं जातं. वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात १,०७० लिहून ठेवावं, आणि लिलावात बोली सुरू झाली की मागच्या वर्षीच्या भावाऐवजी त्या आकड्याशी तुलना करावी.