आत्मविश्वासाने माणूस छान दिसतो का?

माझी भाची सांगलीला आठवीत शिकते. दिवाळीच्या सुट्टीत ती आमच्याकडे साताऱ्याला आली होती. आरशासमोर उभी राहून तिनं विचारलं, "मावशी, आमच्या बाई म्हणतात, आत्मविश्वास ठेव, आपोआप छान दिसशील. हे खरं, की नुसती समजूत घालायची?"

मी शिक्षिका असूनही मला पटकन उत्तर देता येईना. वर्गातली धीट मुलं चारचौघांत उठून दिसतात, हे खरं. पण धीट आहेत म्हणून ती छान दिसतात, की छान दिसतात म्हणून लहानपणापासून कौतुक होऊन धीट झाली? नुसतं पाहून हे कळत नाही.

मग मी तिला एक प्रयोग सांगितला. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात मार्क स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला, आणि १९७७ साली प्रसिद्ध केला. एकमेकांना न ओळखणारे ५१ मुलगे आणि ५१ मुली घेतल्या. प्रत्येक जोडीनं दहा मिनिटं फोनवर बोलायचं. त्याआधी मुलाला एक फोटो दिला, "ही तुझ्याशी बोलणार" असं सांगून. काहींना देखण्या मुलीचा, काहींना साध्या चेहऱ्याच्या मुलीचा. गंमत अशी, की फोटो भलत्याच मुलींचे होते! आणि फोनवरच्या मुलींना या फोटोंचा पत्ताच नव्हता.

नंतर फक्त मुलींचा आवाज तिऱ्हाइतांना ऐकवला. ज्यांना पलीकडचा मुलगा देखणी समजत होता, त्या मुली ऐकणाऱ्यांना जास्त मोकळ्या, उत्साही आणि आत्मविश्वासानं बोलणाऱ्या वाटल्या. असं का झालं? तो मुलगाच आधी आपुलकीनं, हसतखेळत बोलत होता. ती फुलली ती त्यामुळे.

अर्थात हा दहा मिनिटांचा फोन होता. ऐकणाऱ्यांनी चेहरे पाहिलेच नव्हते. त्यामुळे आत्मविश्वासानं नाकडोळे बदलतात, असं यातून मुळीच सिद्ध होत नाही. बदलतो तो आवाज, बोलण्यातला मोकळेपणा. आणि त्यामुळे माणूस हवाहवासा वाटतो. म्हणजे बाईंचं म्हणणं अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं, की हा आत्मविश्वास पुष्कळदा समोरच्याच्या वागण्यातून येतो.

भाची म्हणाली, "म्हणजे मी घाबरते, यात सगळा दोष माझा नाही?"

"नाही गं," मी म्हटलं, पण मनात चरकले. गॅदरिंगला पुढच्या रांगेत दरवर्षी त्याच 'स्मार्ट' मुली मीच उभ्या करत आले होते. मागच्या रांगेतल्या मुली लाजऱ्याच, असं म्हणायलाही मीच मोकळी!

यंदा पाहुण्यांचं स्वागत मागच्या रांगेतल्या एका मुलीकडे दिलं. पहिल्या तालमीला ती दोनदा अडखळली. वर्गाला मी एवढंच सांगितलं होतं, हसायचं नाही, तिच्याकडे बघून ऐकायचं. चौथ्या तालमीला तिनं मान वर केली. चेहरा तोच होता. पण शेजारची मैत्रीण म्हणाली, "बाई, ही आज किती छान दिसतेय!"